जीएफपी केंद्रकात कसा शिरतो? (सिग्नल मोडला तरी!)

अबोली२३

नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. गेले तीन आठवडे एका गोष्टीपाशी अडकले आहे, म्हणून इथे विचारतेय.

माझं प्रथिन २२ किलोडाल्टनचं आहे. त्याच्या शेपटाकडे लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांचा एक झुबका आहे, साधारण एसव्ही४० विषाणूच्या PKKKRKV सारखा. हा केंद्रकात नेणारा सिग्नल असावा असं सॉफ्टवेअरही सांगतं. मी प्रथिनाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडून ‘हीला’ या मानवी पेशींमध्ये घातलं. चमक केंद्रकात आणि पेशीद्रवात दोन्हीकडे दिसते, केंद्रकात किंचित जास्त. मग त्या झुबक्यातल्या चारही लायसिन-आर्जिनिनच्या जागी अ‍ॅलनिन घातलं. अपेक्षा होती की चमक केंद्रकाबाहेर राहील. पण चित्र जसंच्या तसं! आधीच्या आणि या फोटोंची अदलाबदल केली तर मलाही ओळखता येणार नाही.

गाइड म्हणतात, "सिग्नल खोटा आहे, सोडून दे." मला तितकं सहज सोडवत नाही. कुठे चुकतंय?

गणेश_मास्तर

अबोली, मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो, संशोधन माझं क्षेत्र नाही. पण मला वाटतं तुमच्या गाइडचं बरोबर आहे. केंद्रकावरणात जी छिद्रं असतात ती झडपेसारखी काम करतात. सिग्नल असलेलं प्रथिन आलं की जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू खर्च करून झडप उघडते आणि ते आत ढकललं जातं. सिग्नल नसेल तर झडप बंद. तुमचं प्रथिन सिग्नल मोडूनही आत जातंय, म्हणजे त्याचा खरा सिग्नल दुसरीकडे कुठेतरी आहे. तो शोधावा लागेल.

सह्याद्रीकन्या

मास्तर, सिग्नल दुसरीकडे असू शकतो हे खरं, पण त्याच्या आधी एक साधा हिशेब करायला हवा. अबोली, तुझं प्रथिन २२ आणि जीएफपी २७, म्हणजे सगळं मिळून ४९ किलोडाल्टन. एवढी वस्तू छिद्रातून सिग्नलशिवायही जाते.

मी काही वर्षं याच विषयाच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. हा घोटाळा मी किमान दहा जणांकडून ऐकला असेल. पुस्तकात "४० किलोडाल्टनपर्यंत मुक्त प्रवेश" असं छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की ४१ला दार बंद. तशी रेष नसते. आकार वाढेल तसा वेग कमी होत जातो. २७चा नुसता जीएफपी काही मिनिटांत दोन्हीकडे सारखा पसरतो, ५० ते ६०च्या वस्तूला वेळ लागतो, पण तू ट्रान्सफेक्शननंतर, म्हणजे पेशींत जनुकाचं प्लाज्मिड घातल्यावर, २४ तासांनी बघत असशील तर तेवढा वेळ तिला भरपूर झाला. म्हणून तुझ्या चित्रावरून सिग्नल खरा की खोटा, काहीच ठरत नाही. दोन्ही प्लाज्मिडांत प्रथिन आपापलं झिरपत आत गेलेलं असू शकतं.

आता माझे तीन प्रश्न. पेशी जिवंत असताना बघतेस की फिक्स करून? साध्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली की कॉन्फोकलवर? आणि जीएफपीच्या अँटिबॉडीने वेस्टर्न केलंस का?

अबोली२३

जिवंत पेशी, २४ तासांनी, साधा फ्लुरोसन्स. वेस्टर्न केलं नाही. त्याने काय कळेल?

सह्याद्रीकन्या

वेस्टर्नमध्ये प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळ्या पट्ट्यांत दिसतात. त्यावर ४९च्या पट्ट्याबरोबर २७लाही पट्टा आला, तर प्रथिन मधेच तुटतंय आणि सुटलेला जीएफपी एकटा फिरतोय. तसं असेल तर तू तीन आठवडे स्वतःच्या प्रथिनाचे नाही, त्या सुट्या जीएफपीचे फोटो काढते आहेस. नुसता जीएफपी हीलामध्ये केंद्रकात थोडा उजळच दिसतो, कारण बाहेर मायटोकाँड्रिया आणि पटलांच्या जाळ्यांनी जागा अडवलेली असते. "केंद्रकात किंचित जास्त" हे तुझे शब्द वाचून मला आधी हीच शंका आली.

कॉन्फोकलचं कारण वेगळं. तो एका पातळ थराचाच उजेड टिपतो. साध्या सूक्ष्मदर्शकात केंद्रकाच्या वर आणि खाली असलेल्या पेशीद्रवाचा उजेडही केंद्रकाच्या जागीच दिसतो. पेशी मध्यभागी जाड असते, त्यामुळे बाहेरचं प्रथिनही आत असल्यासारखं वाटतं.

हे दोन्ही निस्तरलं की मग जीएफपी एकावर एक तीन जोड. २२ आणि ८१ म्हणजे १०३ किलोडाल्टन. एवढं धूड सिग्नलशिवाय झिरपत नाही, निदान एका दिवसात तरी नाही. पेशीविभाजनात केंद्रकावरण विरघळतं तेव्हा सगळं एकत्र मिसळतं, ते मात्र ध्यानात ठेव. नुकत्या विभागलेल्या जोडपेशी मोजू नकोस.

मुक्तछंद

मी भौतिकशास्त्राचा. मास्तरांच्या झडपेवर माझं अडलं आहे. लहान रेणू मोकळे ये-जा करतात, म्हणजे छिद्र कायम उघडंच आहे. मग मोठ्या प्रथिनांना दिशा कोण देतं? उघड्या भोकाला आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे कळायचं काही कारण नाही. आणि प्रथिन केंद्रकात आजूबाजूपेक्षा जास्त प्रमाणात साठत असेल, तर कुठेतरी ऊर्जा खर्च होतच असणार. ती कुठे?

सह्याद्रीकन्या

तुमचा प्रश्न या विषयाच्या अगदी मर्मावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

छिद्र म्हणजे नुसतं भोक नाही. माणसाच्या पेशीत सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या मिळून हजारभर प्रती एकत्र येऊन एक छिद्र बनतं. आठ पाकळ्यांची रचना असते. वजन शंभर मेगाडाल्टनच्याही वर जातं. हीला पेशीच्या एका केंद्रकावर अशी दोन-तीन हजार छिद्रं असतात. मधल्या पोकळीत मात्र ठरावीक आकार नसलेले, सुटे, वळवळणारे प्रथिनांचे धागे भरलेले असतात आणि त्यांत फेनिलअ‍ॅलनिन-ग्लायसिन ही जोडी पुन्हा पुन्हा येते. लहान रेणू या गुंत्यातून वाट काढतात. मोठे अडतात. पण इम्पोर्टिन नावाच्या वाहक प्रथिनांच्या अंगावर या फेनिलअ‍ॅलनिनांना क्षणभर चिकटायच्या खाचा असतात. त्यामुळे वाहक त्या गुंत्यात सहज विरघळतो आणि पाठीवरचं ओझंही घेऊन जातो. झडप उघडणं-मिटणं काही नसतं.

आणि इथेच मास्तरांचं म्हणणं थोडं दुरुस्त करावं लागेल: पार होण्याच्या त्या क्षणी जीटीपी खर्च होत नाही. वाहक छिद्रात पुढेही जातो, मागेही येतो.

दिशा ठरते ती पलीकडे काय भेटतं त्यावरून. रॅन नावाचं एक लहान प्रथिन आहे. त्याला जीटीपी चिकटवून देणारं आरसीसी१ हे क्रोमॅटिनवरच बसलेलं असतं, म्हणून केंद्रकात रॅन बहुतेक जीटीपीसह असतो. आणि तो जीटीपी फोडायला लावणारं रॅनगॅप पेशीद्रवाच्या बाजूला असतं, काही तर छिद्राच्या बाहेरच्या झालरीलाच बांधलेलं. त्यामुळे बाहेर रॅन जीडीपीसह. इम्पोर्टिन ओझं घेऊन आत आलं की त्याला रॅन-जीटीपी भेटतो, तो इम्पोर्टिनला असा बिलगतो की ओझं सुटतं. आता ते ओझं एकटं, वाहकाशिवाय, म्हणून परत जाऊ शकत नाही. बाहेर नेणाऱ्या एक्स्पोर्टिनचं नेमकं उलट: ते ओझं धरतं तेच मुळी रॅन-जीटीपी सोबत असेल तर. बाहेर गेलं, जीटीपी फुटला, तिघं वेगळे झाले.

म्हणजे ऊर्जा खर्च होते ती दोन बाजूंमधला हा फरक टिकवायला. इम्पोर्टिन बीटा परत बाहेर जाताना एक रॅन-जीटीपी घेऊन जातं, आणि सिग्नल धरणारं इम्पोर्टिन अल्फा परत पाठवायला आणखी एक लागतो. एका फेरीला साधारण दोन जीटीपी पडले.

मुक्तछंद

मग हा फरक उलटा केला तर वाहतूक उलटी व्हायला हवी. कुणी करून पाहिलं आहे का?

सह्याद्रीकन्या

हो! १९९९ मध्ये नाशुरी आणि वाइस यांनी नेमकं हेच केलं. डिजिटोनिन नावाचा पदार्थ पेशीच्या बाहेरच्या पटलाला भोकं पाडतो, कारण त्या पटलात कोलेस्टेरॉल भरपूर असतं. केंद्रकावरण मात्र शाबूत राहतं. पेशीद्रव धुऊन जातं आणि तुम्ही हवं ते द्रावण बाहेर घालू शकता. त्यांनी रॅन-जीटीपी बाहेरच्या बाजूला जास्त ठेवला. एरवी बाहेर नेणारी वाहतूक आतल्या दिशेने चालली. त्याच छिद्रांतून. मी हा पेपर एम.एस्सी.ला असताना पहिल्यांदा वाचला आणि त्या रात्री हॉस्टेलवर मैत्रिणीला उठवून सांगितला होता.

गणेश_मास्तर

हे मला माहीत नव्हतं. मी वीस वर्षं फळ्यावर झडपच काढत आलो आहे. ताई, एक विचारतो. एम-आरएनएचंही असंच असतं का? म्हणजे तोही रॅनच्या भरवशावर बाहेर पडतो? मुलांना मी "आरएनए बाहेर, प्रथिनं आत" असं एका ओळीत सांगतो.

सह्याद्रीकन्या

टी-आरएनए रॅनच्या भरवशावर जातो, त्याचा स्वतंत्र एक्स्पोर्टिन आहे. मायक्रोआरएनएच्या पूर्वरूपांचंही तसंच. पण बहुतेक एम-आरएनए निराळ्या वाटेने जातो. त्याचा वाहक एनएक्सएफ१, आणि त्याला रॅन लागत नाही.

मग दिशा कोण देतं? छिद्राच्या बाहेरच्या तोंडाशी डीडीएक्स१९ नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं, यीस्टमध्ये त्यालाच डीबीपी५ म्हणतात. ते एटीपी वापरून बाहेर आलेल्या आरएनएवरून वाहक सोलून काढतं. वाहक निघाला की तेवढा भाग मागे सरकू शकत नाही. दोरी खिडकीतून बाहेर सोडत जावी आणि प्रत्येक वितीला गाठ मारावी, तसं. इथेही ऊर्जा बाहेरच्या टोकाला, मधल्या प्रवासात नाही.

ग्रुनवाल्ड आणि सिंगर यांनी २०१० मध्ये बीटा-अ‍ॅक्टिनचा एकेक एम-आरएनए जिवंत पेशीत छिद्रातून जाताना टिपला. एकूण वेळ साधारण १८० मिलिसेकंद. त्यातला मधला प्रत्यक्ष प्रवास फक्त ५ ते २० मिलिसेकंद, बाकीचा सगळा वेळ आतल्या तोंडाशी थांबण्यात आणि बाहेरच्या तोंडाशी सुटण्यात. आणि थांबलेले सगळे बाहेर पडतातच असं नाही, कित्येक परत आत वळतात.

वैशाली_स

धागा वाचतेय, सगळं कळत नाही, पण केंद्रकाचं आवरण हा शब्द पाहून थांबले. माझ्या चुलत भावाला ४१व्या वर्षी पेसमेकर बसवला. आता जनुक तपासणीत एलएमएनए मध्ये दोष आलाय. त्यात "केंद्रकाच्या आवरणाचं प्रथिन" असं लिहिलं आहे. म्हणजे त्याची ही छिद्रं बिघडली आहेत का? त्यावर औषध आहे का?

सह्याद्रीकन्या

वैशालीताई, भावाला लवकर आराम पडो. एलएमएनए हे लॅमिन या प्रथिनाचं जनुक, आणि लॅमिन म्हणजे छिद्र नाही. केंद्रकावरणाला दोन पदर असतात, आणि आतल्या पदराला लागून आतून लॅमिनच्या धाग्यांचं जाळं असतं. छिद्रं त्या जाळ्यात जागोजागी टेकलेली असतात, पण ती बनतात वेगळ्या प्रथिनांपासून. हृदयाच्या स्नायूपेशीत केंद्रक दर ठोक्याला ओढलं-ताणलं जातं. जाळं कमकुवत असेल तर तो ताण सोसत नाही, कधी कधी आवरण तात्पुरतं फाटून पुन्हा सांधलं जातं. हा आजाराच्या कारणांपैकी एक धागा आहे, सगळं कोडं अजून सुटलेलं नाही.

औषधाचं मी सांगू नये. पण दोन गोष्टी हृदयरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. एक, या जनुकाच्या दोषात ठोके थांबण्याबरोबर ते धोकादायक रीतीने वाढण्याचाही संभव असतो, म्हणून साध्या पेसमेकरऐवजी झटका देणारं यंत्र लागेल का. दोन, हा दोष सहसा आईवडिलांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते, तर त्याच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी कधी करायची.

वैशाली_स

खूप आभार ताई. पहिला प्रश्न आम्हाला कुणी सुचवलाच नव्हता. सोमवारी अपॉइंटमेंट आहे.

अबोली२३

पाच आठवड्यांनी परत आले.

वेस्टर्न केलं. २७ला पट्टा आहे, पण फिका, ४९च्या मानाने अगदी थोडा. म्हणजे तुटणं हे मुख्य कारण नाही. तीन जीएफपीचं प्लाज्मिड बनवलं, कॉन्फोकलवर पाहिलं. आणि आता मी आणखी गोंधळले! अ‍ॅलनिनवालं पेशीद्रवातच राहिलं, केंद्रक काळंकुट्ट, हे अपेक्षेप्रमाणे. पण मूळ, न मोडलेलं प्रथिनसुद्धा पेशीद्रवातच! गाइड म्हणाले, "बघ, सांगितलं होतं."

मुक्तछंद

हे तर तुमच्या गाइडच्या बाजूनेच झालं ना?

सह्याद्रीकन्या

अजून नाही. फोटोत दिसतो तो जमाखर्चाचा शेवटचा आकडा. प्रथिन आत जातच नाही, किंवा आत जातं आणि त्याहून जोरात बाहेर काढलं जातं, दोन्हींत फोटो एकच येतो. अबोली, तुझ्या प्रथिनात ल्युसिन ठरावीक अंतराने येणारा तुकडा आहे का? दोन-तीन अमिनो आम्लं सोडून एकेक ल्युसिन किंवा आयसोल्युसिन?

असेल तर लेप्टोमायसिन बी वापर. ते सीआरएम१ या एक्स्पोर्टिनच्या एका सिस्टीनला, माणसात ५२८व्या, कायमचं चिकटतं आणि त्या वाटेने बाहेर पडणं बंद होतं. २० नॅनोमोलर, एक तास पुरे. ते बहुधा मिथेनॉलमध्ये विरघळवून मिळतं, म्हणून तेवढंच मिथेनॉल घातलेली पेशींची एक बशी बाजूला ठेव. आणि रॅनबीपी१ला जीएफपी जोडलेलं कुणाकडून मिळालं तर ते ताडून पाहायला घाल, कारण ते एरवी बाहेर असतं आणि औषध चाललं तर आत साठतं. हे न ठेवता "काही फरक पडला नाही" असं लिहिलेले कितीतरी अहवाल मी पाहिले आहेत, औषधच मेलेलं होतं.

गणेश_मास्तर

ताई, आमच्या कॉलेजात यीस्ट सहज मिळतं. हाच प्रयोग मुलांकडून बेकरीच्या यीस्टवर करून घेता येईल का?

सह्याद्रीकन्या

नाही मास्तर, तिथे हाती काही लागणार नाही. बेकरीच्या यीस्टच्या सीआरएम१मध्ये त्या जागी सिस्टीन नसून थ्रिओनिन आहे, लेप्टोमायसिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. संशोधक त्या एका जागी सिस्टीन घालून मुद्दाम संवेदनशील केलेली जात वापरतात.

अबोली२३

झालं! ताई, झालं!

काल दुपारी लेप्टोमायसिन घातलं आणि दर दहा मिनिटांनी फोटो घेतले. मूळ प्रथिन (तीन जीएफपीसह) वीस मिनिटांत केंद्रकात दिसायला लागलं, पन्नासाव्या मिनिटाला केंद्रक पेशीद्रवापेक्षा स्पष्ट उजळ. अ‍ॅलनिनवालं तासाभरानंतरही बाहेरच, केंद्रक काळं. मिथेनॉलच्या बशीत दोन्ही जशीच्या तशी. शेजारच्या लॅबमधून रॅनबीपी१ मिळालं होतं, तेही आत गेलं, म्हणजे औषध जिवंत होतं. १०३ किलोडाल्टनचं धूड आत शिरताना डोळ्यांसमोर पाहिलं. मी तास संपेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही.

गाइडनी फोटो दोनदा पाहिले आणि म्हणाले, "सिग्नल आहे."

आता दोन गोष्टी उरल्या. ल्युसिनचे तसे दोन तुकडे सापडलेत, एक ४०व्या अमिनो आम्लाच्या आसपास, एक शेपटाजवळ. दुसरी गोष्ट जास्त त्रास देतेय: दर दहा पेशींमागे एक-दोन पेशींत मूळ प्रथिन औषधानंतरही आत गेलंच नाही.

सह्याद्रीकन्या

अबोली, अभिनंदन, मनापासून. दोन्ही तुकडे वेगवेगळे मोड, आणि मग दोन्ही एकत्र. पण एक जप: शेपटाजवळचा ल्युसिन तुकडा तुझ्या लायसिनच्या झुबक्याला लागून असेल, तर तो मोडताना आत नेणारा सिग्नलही दुखावू शकतो. मग प्रथिन बाहेर दिसेल आणि कशामुळे ते कळणार नाही. म्हणून त्या प्लाज्मिडलाही लेप्टोमायसिन घालून बघ.

न जाणाऱ्या पेशींबद्दल मला नक्की सांगता येणार नाही. त्या पेशी फार जास्त चमकत होत्या का? प्रथिन अति बनलं तर इम्पोर्टिन अल्फा पुरत नाही. किंवा त्या पेशींत ते दुसऱ्या कशाला तरी बांधून ठेवलं जात असेल.

अबोली२३

फोटो परत उघडून मोजले. न गेलेल्या सातपैकी चार फार चमकणाऱ्या आहेत, तीन मात्र अगदी साध्या. त्या तिघींचं काय, ते अजून माहीत नाही. ४०च्या जवळच्या तुकड्याचे प्रायमर आज ऑर्डर केले.